भिंतीचा पत्ता

सकाळी 6:00

वर्धेहून निघण्याआधी पिशवी जमिनीवर उलटी करून प्रत्येक वस्तू पुन्हा आत भरते. भेगेची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी, बारीक तार, टॉर्च, ओळंबा, टेप, मऊ ब्रश, पाणी फवारायची बाटली, झिपच्या छोट्या पिशव्या, नायट्रेट तपासायच्या कागदी पट्ट्या, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि लाल, निळी, हिरवी अशा तीन पेन्सिली. खडू घेत नाही, कारण जुन्या भिंतीवर काही लिहायचे नाही असा नियम आहे.

आज हिंगणघाटला एका वाड्याचा स्थिती-अहवाल करायचा आहे. वणा नदीकाठचे हे गाव कापसाचे. 1861 ते 1865 च्या अमेरिकेतील यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला जाणे थांबले आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला भाव आला. त्यानंतरच्या काही दशकांत या पट्ट्यात व्यापाऱ्यांनी विटा, चुना आणि सागवान वापरून वाडे बांधले. आजचा वाडा त्याच जातीचा आहे. घरच्यांनी नाव छापू नका असे सांगितले आहे, त्यामुळे तो इथे बिननावाचाच राहील.

सप्टेंबरात एकदा येऊन गेले होते. तेव्हा भिंती ओल्या होत्या आणि क्षाराचा मागमूस नव्हता. आता नोव्हेंबर आहे. एकाच भिंतीचे दोन महिन्यांत दोन चेहरे दिसतात, म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावर तारखेच्या शेजारी हवामान लिहायची जागा ठेवते. काळ्या मातीवरच्या घरात भेग उन्हाळ्यात फाकते, शेवाळ पावसाळ्यात वाढते आणि क्षार पावसानंतर भिंत वाळू लागली की बाहेर येतो. एकाच दिवशी तिन्ही आपापल्या पूर्ण रूपात कधीच दिसत नाहीत.

सकाळी 7:30

पोचल्याबरोबर मोजायला सुरुवात करायची नाही, आधी पत्ते ठरवायचे. माझ्यासोबतची शिकाऊ मुलगी वाड्याचा नकाशा जोत्यावर पसरते. प्रत्येक मजल्याला अक्षर, खोलीला आकडा, भिंतीला दिशा आणि दोषाला क्रमांक. ‘त-3-प-भे2’ म्हणजे तळमजला, तिसरी खोली, पश्चिम भिंत, दुसरी भेग. क्षारासाठी ‘क्षा’, वाढीसाठी ‘वा’.

तिला हे कंटाळवाणे वाटते. मी तिला काही वर्षांपूर्वीचा एक अहवाल दाखवते. दुसऱ्याच एका इमारतीचा आहे आणि लिहिणारीही मीच होते. त्यात वाक्य आहे, ‘मागच्या भिंतीला मोठ्या भेगा व ओल आढळली.’ मागची कुठली? मोठ्या म्हणजे किती? पाच वर्षांनी मी स्वतः त्या इमारतीत परत गेले तेव्हा माझीच भेग मला सापडली नाही. ती वाढली की थांबली हे सांगता आले नाही, म्हणजे पहिला अहवाल वायाच गेला होता.

शब्दही आधीच ठरवून घेतो. दगडाच्या दोषांसाठी 2008 साली इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने सचित्र शब्दसूची काढली. तिच्यात 0.1 मिलिमीटरपेक्षा बारीक भेगेला वेगळे नाव आहे. आम्ही तिला केसभेग म्हणतो. त्यापुढे ‘बारीक’, ‘मोठी’, ‘भयंकर’ हे शब्द अहवालातून हद्दपार. तिथे फक्त आकडा.

सकाळी 8:00

भेगा पाहायला तिरपा उजेड चांगला. ऊन भिंतीला घासून तिरपे पडले की भिंतीचा फुगवटा आणि भेगेची कड सावली टाकतात. ऊन समोरून पडले की तीच भिंत सपाट दिसते. खोलीत टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला की तेच काम होते.

वायव्य कोपऱ्यातल्या माडीच्या खोलीत मुख्य भेग आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून ती तिरपी वर, वाड्याच्या कोपऱ्याकडे जाते. लांबी 2.1 मीटर. रुंदी तीन ठिकाणी मोजतो: खाली केसभेग, मध्ये 3 मिलिमीटर, वर छताजवळ 6. एकच आकडा लिहिला असता तर यातले सगळ्यात महत्त्वाचे हरवले असते. वर रुंद आणि खाली अरुंद म्हणजे कोपरा खाली बसत बाहेर कलतो आहे. भिंतीचा मधला भाग खचला असता तर भेग बहुधा खाली रुंद झाली असती.

मग बाहेरून शिडी लावून तीच जागा पाहायची. भेग बाहेरही आहे, म्हणजे 45 सेंटिमीटरची भिंत आरपार फाटली आहे. नुसता गिलावा तडकला असता तर ती एकाच बाजूला दिसली असती. बोट आडवे फिरवले की एक कड दुसरीपेक्षा किंचित पुढे आलेली लागते. पट्टी लावून मोजतो, 2 मिलिमीटर.

आता टॉर्च भेगेच्या पोटात. आत कोळिष्टक, धूळ आणि चुन्याच्या सफेदीचे तीन थर आहेत आणि तिन्ही थर मधोमध फाटलेले. म्हणजे घरच्यांनी तीनदा रंगवताना भेग बुजवली आणि तीनदा ती उघडली. ताजी भेग आतून स्वच्छ असते, तिच्या कडा धारदार असतात. ही जुनी आहे आणि अजून हलते आहे.

शिडी धरून उभे असलेले मिस्त्री म्हणतात, “ताई, हे भेग आता काहीच नाही. मे महिन्यात या, करंगळी जाते तिच्यात. अन् पोळ्यापर्यंत आपोआप मिटून जाते.”

मुलगी लगेच लिहिते: ‘भेग उन्हाळ्यात 15 मिलिमीटर होते.’ मी तिला खोडायला सांगते. आमच्या तक्त्यात तीन रकाने आहेत. पहिला ‘पाहिले व मोजले’, दुसरा ‘सांगितले’, तिसरा ‘अनुमान’. मिस्त्रींचे वाक्य दुसऱ्या रकान्यात जाईल, त्यांच्याच शब्दांत, आजच्या तारखेसह. करंगळीचे मिलिमीटर आपण करायचे नाहीत. पण ते वाक्य सोडायचेही नाही, कारण आज नोव्हेंबरात आम्हाला दिसू न शकणारी गोष्ट त्यांनी वीस उन्हाळे पाहिली आहे. ओली झाली की फुगायची आणि वाळली की आक्रसायची, अशी ही काळी माती. तिच्यावरच्या भिंती वर्षातून एकदा श्वास घेतात. मिस्त्रींनी सांगितलेली उघडझाप या अनुमानाशी जुळते. सिद्ध मात्र ती मोजूनच होईल.

त्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन छोटे पितळी खिळे त्रिकोणात बसवतो. ते गिलाव्यात बसवून चालत नाही, गिलावा स्वतंत्र सरकू शकतो. म्हणून गिलावा नाणेभर काढून विटेत बसवतो. खिळ्यांमधली अंतरे व्हर्नियरने मोजून लिहितो. त्रिकोण असल्यामुळे भेग फाकते आहे की एक बाजू खाली सरकते आहे, हे दोन्ही वेगळे कळते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची जुनी पद्धत आहे. काच फुटली की हालचाल झाली एवढे कळते, किती आणि कुठल्या दिशेने ते कळत नाही.

सकाळी 10:30

तळमजल्याची तिसरी खोली, त्याच भेगेच्या बरोबर खाली. पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून 1.2 मीटरपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आहे आणि त्याच्या वर जुना चुन्याचा. सिमेंट कोरडे, स्वच्छ दिसते. त्याच्या वर 1.3 ते 1.7 मीटर उंचीवर मात्र पांढरा पट्टा फुलला आहे. जवळून पाहिले तर कापसाच्या बोंडातून धागे निघावेत तसे बारीक तंतू दिसतात. त्यांच्याखाली गिलाव्याची भुकटी झाली आहे. इकडे याला भिंतीला लोणा लागला म्हणतात.

बोटाच्या सांध्याने टकटक करत जातो. सिमेंटच्या बऱ्याच भागात बद्द आवाज येतो. तो भाग आतून सुटलेला आहे. नकाशावर त्याची हद्द तुटक रेषेने काढतो.

घरातल्या आजी दारात खुर्ची टाकून बसल्या आहेत. विचारल्यावर सांगतात, “त्या खोलीत पहिले गोठा होता. मग खताची पोती ठेवत होते. सिमेंट तं आत्ता नातवाच्या लग्नात केलं. भिंत खालून झडत होती नं!”

दुसऱ्या रकान्यात तीन ओळी जातात आणि या तीन ओळींतच खोलीचा इतिहास आहे. गुरांच्या मुतातून आणि खतातून नायट्रेट जमिनीत आणि भिंतीत मुरते. जमिनीतले पाणी विटांमधून वर चढते, सोबत क्षार नेते आणि जिथे हवा लागून पाणी उडून जाते तिथे क्षार सोडते. पूर्वी ती जागा पायाशी होती, म्हणून भिंत खालून झडायची. सिमेंटने तिथला रस्ता बंद केला, तेव्हा पाणी सिमेंटच्या मागून आणखी वर चढले आणि पहिल्या मोकळ्या चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडू लागले. पण हे सगळे तिसऱ्या रकान्यातले आहे. पहिल्या रकान्यात फक्त पट्ट्याची उंची, लांबी, तंतूंचे रूप आणि बद्द आवाजाची हद्द.

मुलीकडे विजेवर चालणारे ओलमापक यंत्र आहे. पट्ट्यावर टेकवले की काटा एकदम टोकाला जातो. ती दचकते. इथे हे यंत्र फसवते. ते पाणी मोजत नाही, भिंतीतून वीज किती सहज वाहते ते मोजते. क्षार असला की थोड्या ओलीतही वीज सहज वाहते. म्हणून यंत्राचे आकडे आम्ही ‘कुठे जास्त, कुठे कमी’ एवढ्यापुरते वापरतो. अहवालात ओलीची टक्केवारी म्हणून ते लिहिणे चूक.

खरी टक्केवारी वजनातून येते. हाताच्या गिरमिटाने, हळू, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ओल उडू नये अशा बेताने, 30, 90, 150 आणि 210 सेंटिमीटर उंचीवर सांध्यातला चुना काढायचा, लगेच घट्ट बंद करायचा आणि वजन करायचे. मग भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा तोलायचे. सप्टेंबरच्या भेटीत 30 सेंटिमीटरवरचा नमुना 20.0 ग्रॅम भरला होता आणि वाळल्यावर 18.4. गेलेले पाणी 1.6 ग्रॅम. त्याला कोरड्या वजनाने भागले की 8.7 टक्के येतात. पण एकटा आकडा काही सांगत नाही. चार उंचींवरचे आकडे खालून वर कमी होत गेले तर पाणी जमिनीतून चढते आहे. वरचा आकडा जास्त निघाला तर छताकडे पाहायला हवे. आजच्या चार नमुन्यांचे निकाल यायला काही दिवस लागतील, म्हणून तक्त्यात त्या जागी ‘निकाल बाकी’ असे लिहितो. रिकामी चौकट ठेवली तर वाचणारा तिला शून्य समजतो.

शेवटी पट्ट्यावर 10 सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन मोजून तिथला क्षार ब्रशने पिशवीत उतरवतो. थोड्या शुद्ध पाण्यात विरघळवून नायट्रेटची पट्टी बुडवली की रंग चढतो. नायट्रेट आहे, एवढे ठरले. बाकी क्षार कोणते आणि किती, ते प्रयोगशाळा सांगेल. तोच चौकोन पुढच्या भेटीत पुन्हा झाडून तोलला की क्षार किती वेगाने येतो तेही कळेल.

दुपारी 1:00

आजींनी झुणका-भाकर वाढली आहे. जेवताना मुलगी विचारते, सेवाग्रामच्या कुट्यांनाही हाच तक्ता चालेल का? आश्रम तिच्या घरापासून जवळच आहे.

रकाने चालतील, वेळ चालणार नाही. 1936 साली गांधीजी तेव्हाच्या शेगावला राहायला आले, तेव्हाचे आदी निवास आणि पुढे मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली, मग बापूंची झालेली कुटी ही माती, लाकूड, बांबू आणि कवेलूंची घरे आहेत. मातीच्या भिंतीचे आयुष्य लिंपण्यावर चालते. केसभेग पडली की लिंपताना ती बुजते आणि हेच तिथले योग्य रक्षण. म्हणून मातीच्या घराची नोंद लिंपण्याच्या आधी करावी लागते. एक हात फिरला की वर्षभराचा पुरावा गेला. आणि तिथे कुठल्या भेगा दरवर्षी त्याच जागी परत येतात, हे लिंपणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. इथेही सफेदीचे तीन थर आपल्याला तेच सांगत होते.

दुपारी 2:00

आता छत आणि कठडा. वायव्येच्या कठड्यावर काळे डाग पसरले आहेत. काजळी, रंग की शेवाळ? नोव्हेंबरात शेवाळ वाळून काळे पडते आणि डोळ्यांना फसवते. बाटलीने पाणी फवारून थांबतो. काही मिनिटांत काळ्यावर हिरवी झाक चढते. जिवंत आहे. काजळी असती तर काळीच राहिली असती. ‘वा1: काळा पातळ थर, 1.4 × 0.6 मीटर, पाण्याने हिरवा होतो.’ दक्षिणेच्या कठड्यावर करड्या-पिवळ्या चकत्या आहेत. ते दगडफूल, मसाल्यात टाकतो त्याच्याच कुळातले. ते फार हळू वाढते, त्यामुळे तिथला पृष्ठभाग बराच काळ कोणी घासलेला नाही हे त्यावरून कळते. खरवडायची घाई नाही.

घाई आहे ती तिसऱ्या नोंदीची. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीच्या तोंडाशी, विटांच्या सांध्यात पिंपळ उगवला आहे. खोड बुडाशी अंगठ्याएवढे, मोजले तर 22 मिलिमीटर. शेजारच्या दोन विटा उचललेल्या. मुलगी उपटायला हात घालते, मी धरते. मूळ सांध्यात किती खोल गेले ते आपल्याला ठाऊक नाही, ओढले तर विटाच निघतील. आधी फोटो, पट्टी आणि पत्त्याच्या चिठ्ठीसकट. मग शेंडा छाटून ठेवायचा आणि मूळ काढायचे काम सांधे भरण्याच्या कामासोबत लिहायचे. बुडाशी आम्ल ओतायची गावोगावी पद्धत आहे. तिने झाड मरेलही, पण चुना विरघळतो आणि भिंतीत नवे क्षार जातात.

अहवालात वाढीच्या नोंदीपुढे एक प्रश्न छापलेलाच असतो: पाणी कुठून? शेवाळ आणि पिंपळ हे रोगापेक्षा साक्षीदार जास्त आहेत. जिथे ते आहेत तिथे ओल बराच काळ टिकते.

दुपारी 4:00

ओसरीवर बसून वायव्य कोपऱ्याची पश्चिम भिंत ट्रेसिंग पेपरवर तीनदा उतरवतो. एका कागदावर लाल पेन्सिलने फक्त भेगा. दुसऱ्यावर निळीने क्षार आणि बद्द भाग. तिसऱ्यावर हिरवीने वाढ. प्रत्येक कागद एकटा पाहिला तर तीन वेगळे रोग दिसतात.

मग तिन्ही एकावर एक ठेवून उजेडाला धरतो. हिरव्यातला पिंपळ पन्हळीच्या तोंडाशी. लाल भेग त्याच्या खालच्या कोपऱ्यात. निळा पट्टा भिंतभर आहे, पण कोपऱ्याकडे तो रुंद आणि उंच होतो. तिन्ही रंग एकाच उभ्या रेषेवर जमतात.

त्या रेषेवर आहे काय? बाहेर जाऊन पाहतो. पन्हळीचे पाणी खाली आणणारा लोखंडी नळ जमिनीपासून मीटरभर उंचीवर गंजून तुटला आहे. खाली जोत्याला खळगा पडला आहे. वर पिंपळाने पन्हळ तुंबते, पाणी भिंतीवरून उतरते आणि शेवाळ पोसते. जे नळातून येते ते पायाशी ओतले जाते. पावसाळाभर त्या कोपऱ्याची काळी माती बाकीच्यांपेक्षा जास्त फुगते आणि उन्हाळ्यात तेवढीच जास्त आक्रसते, म्हणून वरची भेग. तेच पाणी विटांत चढून जुन्या गोठ्याचे नायट्रेट वर नेते, म्हणून पट्टा.

सकाळी भेग पाहून मला ‘पाया खचला’ असे लिहायचा मोह झाला होता. लिहिले असते तर घरच्यांनी पाया उकरून काँक्रीट भरले असते आणि पाणी होते तिथेच पडत राहिले असते. भेग, क्षार आणि शेवाळ यांची तीन वेगळी प्रकरणे करून वाचणाऱ्याच्या हाती देणारे अहवाल इथेच चुकतात. नोंदी वेगळ्या ठेवायच्या, पण कारणाचे पान एकच आणि ते जागेनुसार लिहायचे, दोषानुसार नाही.

संध्याकाळी 6:30

घरी परतून मसुदा. युरोपात 2012 साली वारसा इमारतींच्या पाहणीसाठी एक मानक आले. त्यात स्थितीला 0 ते 3 असा दर्जा आणि तातडीला वेगळा दर्जा द्यायला सांगितले आहे. हे वेगळे ठेवणे मला पटते. भेगेची स्थिती वाईट आहे, तिला 2 देते. पण तिची तातडी कमी, कारण आधी तिची हालचाल मोजायला हवी. तुटक्या नळाची किंमत वाड्यापुढे काहीच नाही, तरी तातडीत तो पहिला.

अनुमानाच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे खात्री किती ते लिहिते. ‘पन्हळ व नळाचे पाणी: पक्के. सिमेंटमुळे क्षार वर सरकला: बहुधा, चार नमुन्यांचे निकाल आल्यावर ठरेल. कोपऱ्याची हालचाल मातीमुळे: शक्य, वर्षभराच्या मोजणीनंतर.’ एक पान ‘काय पाहता आले नाही’ याचे. त्यात कुलूपबंद कोठी, फडताळामागची भिंत, न उकरलेला पाया. हे पान नसले की जे पाहिले नाही ते ठीक आहे असा अर्थ लावला जातो.

पहिले पान सगळ्यात शेवटी लिहिते, घरच्यांसाठी, साध्या मराठीत. हिवाळ्यात नळ बदलावा आणि खळगा बुजवून पाणी जोत्यापासून दूर काढावे. पन्हळ मृगाआधी मोकळी व्हावी. सिमेंटचा गिलावा निकाल येईपर्यंत तोडू नये आणि पट्ट्यावर रंग लावू नये. भेग बुजवू नये.

खाली फक्त एक ओळ राहते: पुढील मोजणी 20 मे, सकाळी 8 वाजता, त्याच तीन खिळ्यांवर.